इंग्रजी ई-मेलमधील क्रियापदे व त्यांना जोडली जाणारी अनावश्यक अव्यये

जिल्हा परिषदेच्या कार्यालयांतील नित्याचा पत्रव्यवहार मराठीतून चालतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि शासकीय कामकाजात मराठीचे स्थान कायद्याने निश्चित झाले. तथापि केंद्रीय संस्था, परराज्यांतील संस्था आणि शाळांना साहित्य देऊ इच्छिणाऱ्या कंपन्या ह्यांच्याशी करावयाचा पत्रव्यवहार आजही बहुधा इंग्रजीतून करावा लागतो. पूर्वी अशा पत्राचा मसुदा लिपिकाने तयार करावा, अधीक्षकांनी तो तांबड्या शाईने दुरुस्त करावा, मग टंकलेखकाने तो टंकित करावा आणि अखेरीस त्यावर स्वाक्षरी व्हावी, असा क्रम होता. ई-मेलने मधल्या ह्या पायऱ्या बव्हंशी काढून टाकल्या. केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक स्वतः मजकूर लिहितात, एक कळ दाबतात आणि पत्र क्षणार्धात परक्याच्या हाती पडते. संगणकाची शुद्धलेखन-तपासणी येथे पुरी पडत नाही. कारण ज्या चुकांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे त्यांतील प्रत्येक शब्द सुटा घेतला तर अगदी बरोबर लिहिलेला असतो. चूक असते ती दोन शब्दांच्या संगतीत.

मराठीत ज्यांना आपण शब्दयोगी अव्यये म्हणतो ती नामानंतर येतात. इंग्रजीत तेच काम करणारे शब्द नामापूर्वी, म्हणजे पुष्कळदा क्रियापदाच्या लगेच पाठोपाठ येतात. सोयीसाठी त्यांना येथे नुसते अव्यय म्हटले आहे. कोणत्या क्रियापदापुढे अव्यय यावयाचे व कोणत्यापुढे नाही, येथेच बहुतेक लेखकांचा गोंधळ होतो.

नमुन्यादाखल पुढील पत्र घ्यावे. एका कंपनीने केंद्रशाळेस वाचनालयाची पुस्तके देऊ केली आहेत. केंद्रातील इतर शाळांनी ती आळीपाळीने वापरावयाची आहेत. केंद्रप्रमुख कंपनीला लिहितात:

“अवर सेंटर कम्प्राइजेस ऑव्ह ट्वेल्व्ह स्कूल्स. इन द मीटिंग वुई डिस्कस्ड अबाउट युवर प्रपोजल. ऑल हेडमास्टर्स एम्फसाइज्ड ऑन मराठी बुक्स. टू टीचर्स आर ऑन लाँग लीव्ह, बट वुई शॅल कोप अप विथ द वर्क. द कमिटी अप्रूव्हज ऑव्ह युवर प्रपोजल. वुई रिक्वेस्ट फॉर अ‍ॅन अर्ली रिप्लाय.”

पत्र सहा वाक्यांचे आहे आणि सहाही वाक्यांत एकेक अव्यय अनावश्यक किंवा अस्थानी आले आहे. पाच ठिकाणी वाचणाऱ्याला अर्थ कळतो, केवळ भाषा खटकते. एका ठिकाणी मात्र अर्थच बदलतो, आणि त्या एका वाक्यावर पुस्तके येणे-न येणे अवलंबून राहू शकते. ते वाक्य कोणते, हे पुढे येईलच.

प्रारंभ तिसऱ्या वाक्यापासून करणे बरे, कारण त्यातील चूक सर्वांत अधिक आढळते आणि तिचे मूळ एकदा समजले म्हणजे निम्म्याहून अधिक चुकांचा उलगडा होतो. ‘एम्फसाइज’ ह्या क्रियापदाचा अर्थ मराठीत सांगावयाचा झाल्यास आपण ‘भर देणे’ असे म्हणतो. आता ‘भर देणे’ ह्याची फोड करून पाहावी. ‘भर’ हे नाम आहे आणि ‘देणे’ हे क्रियापद. भर कशावर द्यावयाचा, तर मराठी पुस्तकांवर, म्हणून ‘वर’. इंग्रजीतही हुबेहूब अशीच रचना आहे: ‘ले एम्फसिस ऑन’. येथे ‘एम्फसिस’ हे नाम आहे, ‘ले’ हे क्रियापद आहे आणि नामामागून येणारे ‘ऑन’ हे आपल्या ‘वर’चे काम करते. ती रचना निर्दोष आहे. परंतु ‘एम्फसाइज’ हे नाम नव्हे. ‘भर’ आणि ‘देणे’ हे दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलेले ते एकटे सकर्मक क्रियापद आहे. ज्या गोष्टीवर भर द्यावयाचा ती गोष्ट त्याचे प्रत्यक्ष कर्म असते, आणि क्रियापद व कर्म ह्यांच्यामध्ये अव्ययाला जागा नसते. मराठीतील ‘ठसविणे’ हे क्रियापद डोळ्यांपुढे ठेवावे. आपण मुद्दा ठसवितो, मुद्द्यावर ठसवीत नाही. ‘एम्फसाइज’चा व्यवहार ‘ठसविणे’सारखा आहे, ‘भर देणे’सारखा नाही.

येथे दुरुस्ती करणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावयास हवी. तिसऱ्या वाक्यातील ‘ऑन’ नुसते खोडले तर ‘एम्फसाइज्ड मराठी बुक्स’ असे उरते. व्याकरण सुधारले, परंतु वाक्य अजून अपुरे वाटते. कारण ठसविली जाते ती गरज, महत्त्व किंवा एखादा मुद्दा. पुस्तके ठसविली जात नाहीत. तेव्हा ‘एम्फसाइज्ड द नीड फॉर मराठी बुक्स’ असे लिहिणे योग्य ठरेल. लेखकाला ‘ऑन’ टिकवावयाचेच असेल तर त्याने क्रियापद बदलावे व ‘लेड एम्फसिस ऑन मराठी बुक्स’ असे लिहावे. म्हणजे ह्या चुकीच्या दुरुस्त्या दोन आहेत: अव्यय काढणे, अथवा क्रियापदाच्या जागी नाम आणणे. ज्याची चूक आहे त्याला ह्या दोन्ही वाटा दाखवाव्यात. नुसती काट मारल्याने चूक का झाली ते त्याला कळत नाही आणि पुढच्या पत्रात ती पुन्हा अवतरते.

हाच प्रकार दुसऱ्या व सहाव्या वाक्यांत घडला आहे. ‘चर्चा करणे’ ह्यात ‘चर्चा’ हे नाम आहे आणि ती कशाविषयी, असा प्रश्न ओघाने येतो. म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजीत ‘डिस्कशन’ ह्या नामापुढे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ येते. ‘डिस्कस’ ह्या क्रियापदापुढे ते येत नाही. ‘विनंती’चेही तसेच. ‘अ रिक्वेस्ट फॉर अ रिप्लाय’ हे शुद्ध आहे, कारण तेथे ‘रिक्वेस्ट’ नाम आहे. ‘वुई रिक्वेस्ट अ रिप्लाय’ हेही शुद्ध आहे, कारण तेथे ते क्रियापद आहे. ‘वुई रिक्वेस्ट फॉर’ म्हटले की नामाचे अव्यय क्रियापदाच्या गळ्यात पडले. बाके मागविताना लिहिले जाणारे ‘वुई हॅव्ह ऑर्डर्ड फॉर फिफ्टी बेंचेस’ हे वाक्यही ह्याच जातीचे. ‘अ‍ॅन ऑर्डर फॉर फिफ्टी बेंचेस’ चालते, परंतु क्रियापद आले की ‘ऑर्डर्ड फिफ्टी बेंचेस’ एवढेच पुरे.

‘रिक्वेस्ट’ आणि ‘ऑर्डर’ हे शब्द अधिक फसवे आहेत, कारण त्यांचे नाम व क्रियापद एकाच रूपाचे आहे. ‘एम्फसिस’ व ‘एम्फसाइज’ निदान दिसायला तरी निराळे आहेत. ‘स्ट्रेस’ हा शब्दही असाच दुहेरी आहे: ‘ले स्ट्रेस ऑन’ शुद्ध, ‘स्ट्रेस द नीड’ शुद्ध आणि ‘स्ट्रेस ऑन द नीड’ अशुद्ध. अशा शब्दांच्या बाबतीत प्रथम आपण नाम लिहीत आहोत की क्रियापद, हे ठरवून मगच पुढे जावे. शब्दापूर्वी ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ किंवा ‘अवर’ ह्यांपैकी काही असेल तर ते नाम समजावे; ‘वुई’सारखा कर्ता लगेच पूर्वी असेल तर ते क्रियापद.

ह्यावरून कोणी असा नियम बांधील, की नामापुढे अव्यय यावे आणि क्रियापदापुढे कधीच येऊ नये. तो नियम टिकणार नाही. ‘कम्प्लाय’ हे क्रियापद ‘विथ’ घेते आणि त्याचे नाम ‘कम्प्लायन्स’ हेही ‘विथ’च घेते. ‘रेफर’ आणि ‘रेफरन्स’, ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘ऑब्जेक्शन’ ह्या जोड्यांत दोन्हीकडे ‘टू’ आहे. काही लेखक अनावश्यक अव्ययाच्या धाकाने ‘कम्प्लाइड द ऑर्डर’ असे लिहू लागतात. म्हणजे एक चूक टाळताना दुसरी पदरात घेतात.

मग ओळखावे कसे? ह्यासाठी कार्यालयीन इंग्रजीच्याच सवयीचा उपयोग होतो. सरकारी इंग्रजी पत्रे कर्मणिप्रयोगाने भरलेली असतात आणि वर्षानुवर्षे ती वाचणाऱ्यांच्या कानांत त्यांची वळणे बसलेली असतात. तेव्हा शंकास्थानी असलेले वाक्य कर्मणिप्रयोगात फिरवून पाहावे. ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड’ हे वाक्य प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड अबाउट’ असे सभेच्या इतिवृत्तात सहसा कोणी लिहीत नाही. ‘युवर रिप्लाय इज अवेटेड’ असेच सर्व जण लिहितात. ‘अवेटेड फॉर’ असे नाही. म्हणून कर्तरिप्रयोगातही ‘वुई अवेट युवर रिप्लाय’ असेच हवे, आणि ‘अवेट फॉर’ चूक. उलट ‘द ऑर्डर वॉज कम्प्लाइड विथ’, ‘द लेटर वॉज रेफर्ड टू’ ह्या वाक्यांत अव्यय शेवटी चिकटून राहतेच; ते काढले तर वाक्य लुळे पडते. जे अव्यय कर्मणिप्रयोगातही सुटत नाही ते त्या क्रियापदाचे स्वतःचे. जे आपोआप गळून पडते ते उसने. ‘इट वॉज एम्फसाइज्ड दॅट’ ही शब्दरचना परिपत्रकांतून इतकी परिचित आहे, की तिच्या आधारे ‘एम्फसाइज ऑन’ची चूक लेखकाला स्वतःच पकडता यावी.

‘कम्प्राइज’च्या बाबतीत मात्र ही कसोटी दगा देते. त्याचे कारण पाहण्यासाठी पत्राच्या पहिल्या वाक्याकडे वळले पाहिजे.

एखादी गोष्ट कोणत्या भागांची बनलेली आहे हे सांगण्यासाठी इंग्रजीत ‘कन्सिस्ट्स ऑव्ह’, ‘इज कम्पोज्ड ऑव्ह’ आणि ‘इज मेड अप ऑव्ह’ असे तीन प्रयोग नेहमी वापरले जातात. तिन्हींत ‘ऑव्ह’ आहे. चौथा ‘कम्प्राइज’ हा त्यांच्या पंक्तीला बसतो, अर्थही तोच देतो. तेव्हा लेखक त्याच्याही पानात ‘ऑव्ह’ वाढतो. ह्या चुकीला मराठीची शिकवण कारण नाही. ही इंग्रजीतल्या इंग्रजीत झालेली सरमिसळ आहे, आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असे लोकही ती करताना आढळतात. ‘कम्प्राइज’ हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला असून त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र कवेत घेणे’ असा आहे. केंद्र बारा शाळांना आपल्या कवेत घेते. ‘शाळांच्याला’ कवेत घेत नाही. म्हणून ‘अवर सेंटर कम्प्राइजेस ट्वेल्व्ह स्कूल्स’. कर्ता नेहमी समग्र वस्तू आणि कर्म तिचे भाग, हा क्रमही ह्याच अर्थातून निघतो. ‘बारा शाळा केंद्राला कम्प्राइज करतात’ अशी उलटी रचना जपून लिहिणारे टाळतात.

‘इज कम्प्राइज्ड ऑव्ह’ हा कर्मणिप्रयोग पुष्कळ प्रचारात आहे व अनेक कोशांनी त्याची नोंदही घेतलेली आहे. त्यामुळेच कर्मणिप्रयोगाची कसोटी लावली तर ती ‘ऑव्ह’च्या बाजूने चुकीची साक्ष देते. तथापि हा प्रयोग आजही वादग्रस्त आहे आणि काटेकोर वाचकाला तो खटकतो. कार्यालयीन पत्रात अशा वादात शिरण्याचे कारण नाही. ‘कन्सिस्ट्स ऑव्ह’ लिहावे आणि मोकळे व्हावे. खरे पाहता ‘देअर आर ट्वेल्व्ह स्कूल्स इन अवर सेंटर’ हे सर्वांत सरळ. ‘कम्प्राइज’ हा शब्द कित्येकदा केवळ भारदस्तपणासाठी वापरला जातो आणि त्या भारदस्तपणाची किंमत म्हणून चूक पदरी येते.

चौथ्या वाक्यातील ‘कोप अप विथ’ ह्याची कथाही सरमिसळीचीच आहे. मात्र तेथे अडचण ‘विथ’ची नाही, ‘अप’ची आहे. ‘कोप’ हा शब्द प्राचीन फ्रेंचमधील ‘तडाखा देणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आला. (आपल्या कोपाशी त्याचे काही नाते नाही, जरी अर्थ जवळचा वाटला तरी.) प्रथम ‘कोणाशी हातघाईवर येणे’, मग ‘त्याच्या तोडीस तोड असणे’ आणि पुढे ‘अडचणीस पुरून उरणे’ असा त्याचा अर्थविस्तार झाला. ज्याच्याशी सामना करावयाचा तो ‘विथ’ने दाखविला जातो. मराठीतील ‘शी’ हा प्रत्यय येथे तंतोतंत जुळतो: संकटाशी झुंजणे, परिस्थितीशी टक्कर देणे. तेव्हा मराठी भाषकाने ‘विथ’ लिहिले ते योग्यच. ‘अप’ आले ते ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ ह्या शेजाऱ्यांकडून. ह्या तिन्हींचे अर्थ अनुक्रमे ‘बरोबरीने टिकून राहणे’, ‘गाठणे’ आणि ‘सोसणे’ असे आहेत. तिघांचाही ‘कोप’च्या अर्थाशी दूरचा संबंध आहे आणि तिघांतही ‘अप विथ’ हे एका दमात उच्चारले जाते. कानाला तेच वळण लागून राहते. त्यांतील ‘अप’ काढता येत नाही, कारण ते काढले तर अर्थच जातो. ‘कोप’मधील ‘अप’ काढले तर काहीच जात नाही, आणि ते तेथे असण्याचे कारण नव्हते हे एवढ्यावरूनच दिसून येते.

आता उरले पाचवे वाक्य, आणि सर्वांत अधिक लक्ष ह्याच वाक्याकडे दिले पाहिजे. ‘अप्रूव्ह’ हे क्रियापद अव्ययाशिवायही येते आणि ‘ऑव्ह’सहही येते, दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. परंतु दोहोंचा अर्थ एक नाही. ‘अप्रूव्ह अ प्रपोजल’ म्हणजे प्रस्तावास मंजुरी देणे. हे अधिकाराचे कृत्य आहे, त्याची तारीख असते, ठराव क्रमांक असतो. ‘अप्रूव्ह ऑव्ह अ प्रपोजल’ म्हणजे प्रस्ताव चांगला वाटणे, पसंत पडणे. शेजाऱ्याने आपल्या मुलास कोणत्या शाळेत घातले हे आपल्याला पसंत असू शकते; त्यास मंजुरी देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नमुन्यातील पत्रात काय घडते ते पाहावे. केंद्रशाळेच्या व्यवस्थापन समितीने रीतसर ठराव करून पुस्तके स्वीकारण्यास मंजुरी दिली आहे. कंपनीला पुस्तके पाठविण्यापूर्वी नेमकी हीच मंजुरी हवी आहे. केंद्रप्रमुख लिहितात, ‘द कमिटी अप्रूव्हज ऑव्ह युवर प्रपोजल’. कंपनीतील वाचक त्याचा अर्थ असा घेईल, की समितीला कल्पना आवडली; औपचारिक मंजुरी मागाहून येईल. तो ती येण्याची वाट पाहील. केंद्रप्रमुख पुस्तके येण्याची वाट पाहतील. दोन्ही बाजूंनी कोणाचाच दोष दिसत नाही आणि शाळेचे सत्र मात्र पुढे सरकत राहते. ‘द कमिटी हॅज अप्रूव्हड युवर प्रपोजल’ असे लिहिले असते व पुढे ठरावाची तारीख दिली असती तर शंकेला जागा राहिली नसती. येथे अव्ययाबरोबर काळही सुधारावा लागतो, हे ध्यानात घ्यावे. मंजुरी ही घडून गेलेली गोष्ट आहे.

अर्थ बदलणारी अशीच आणखी एक जोडी पत्रव्यवहारात येते. ‘इन्क्वायर अबाउट’ म्हणजे विचारपूस करणे, माहिती मागणे. ‘इन्क्वायर इन्टू’ म्हणजे चौकशी करणे, तपास करणे. मराठीत ‘चौकशी’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. पाहुण्याच्या प्रकृतीची चौकशी आणि गैरव्यवहाराची चौकशी, ह्यांतील भेद आपण प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत तो भेद अव्ययावर सोपविलेला आहे. पुस्तके केव्हा निघतील एवढेच विचारणाऱ्या पत्रात ‘वुई आर इन्क्वायरिंग इन्टू युवर सप्लाय’ असे गेले, तर देणगी देणाऱ्याला आपल्यावर संशय घेतला जात आहे असे वाटल्यास नवल नाही. जेथे अव्यय बदलल्याने अर्थ पालटतो तेथे दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने शब्द बदलू नयेत. लेखकाला आधी विचारावे, की मंजुरी झाली आहे की नुसती पसंती आहे, माहिती हवी आहे की तपास चालू आहे.

ह्याच अनुषंगाने एका चुकीचा निर्देश करावयास हवा, कारण ती देवनागरीतून इंग्रजी शिकण्याने बळावते. प्रस्तुत लेखात ‘ऑव्ह’ असे मुद्दाम लिहिले आहे. आपल्याकडे ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ हे दोन्ही शब्द सर्रास ‘ऑफ’ असेच लिहिले व उच्चारले जातात. इंग्रजीत पहिल्याचा अंत घोष व्यंजनाने होतो आणि तो एका ‘एफ’ने लिहितात, दुसऱ्याचा अंत अघोष व्यंजनाने होतो आणि त्यात दोन ‘एफ’ आहेत. पहिल्याचा अर्थ ‘चा, ची, चे’ ह्यांच्या जवळचा, तर दुसऱ्याचा ‘पासून दूर, अलग’ असा. ‘डिस्पोज’ हे क्रियापद ‘निकालात काढणे, विल्हेवाट लावणे’ ह्या अर्थी एका ‘एफ’चे अव्यय घेते. जुन्या पुस्तकांची विल्हेवाट लावली म्हणजे ती दूर केली, तेव्हा दोन ‘एफ’चे अव्यय असावे, असे तर्काला वाटते, आणि कानाला दोन्ही सारखेच ऐकू येत असल्यामुळे तर्काला कोणी अडवीत नाही. अर्ज निकाली निघाल्याचे कळविणाऱ्या पत्रांतून दोन ‘एफ’ वारंवार दिसतात ते ह्यामुळेच. शिक्षकांनी वर्गात हे दोन शब्द प्रथमपासूनच वेगळे उच्चारून दाखविले तर पुढील दुरुस्तीचे श्रम वाचतील.

शंका आली असता पाहावयाचा कोश साधा इंग्रजी-मराठी असून भागत नाही. ‘एम्फसाइज : भर देणे’ एवढी नोंद वाचली की वाचक पुन्हा ‘वर’कडेच ओढला जातो. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार झालेले कोश ह्या कामी उपयोगी पडतात. ए. एस. हॉर्नबी ह्यांनी जपानमध्ये अध्यापन करीत असता सहकाऱ्यांसह असा कोश सिद्ध केला. तो प्रथम १९४२ साली तोक्यो येथे प्रसिद्ध झाला आणि पुढे ऑक्सफर्डने तो स्वीकारला. प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात चालते, त्याला कर्म लागते की अव्यय, हे सांगणे हा त्या कोशाचा मोठा विशेष होता, आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांतही ती माहिती मिळते. अशा कोशात अर्थाआधी हा साचा पाहण्याची सवय करावी.

स्वतःच्या चुका शोधण्यासाठी ई-मेलचीच मदत होते. पाठविलेली पत्रे जपून राहिलेली असतात. जीमेल वापरणाऱ्यांनी शोधाच्या चौकटीत पुढील ओळ टंकित करावी:

```
in:sent "discussed about"
```

अवतरणचिन्हे दिल्यामुळे ते दोन शब्द लागोपाठ आलेली पत्रेच समोर येतात. नंतर अवतरणांतील शब्द बदलून `"emphasised on"`, `"comprises of"`, `"comprising of"`, `"cope up"`, `"request for"` आणि `"disposed off"` असे एकेक शोधावे. क्रियापदाचे प्रत्येक रूप निराळे शोधावे लागते. एका रूपाच्या शोधात दुसरे सापडेलच असे नाही. `"emphasized on"` हे झेड अक्षराचे रूपही विसरू नये. सापडलेले प्रत्येक पत्र चुकीचेच असेल असे मात्र मानू नये. `"request for"` हे शब्द ‘अवर रिक्वेस्ट फॉर बुक्स’ अशा निर्दोष वाक्यातही येतात, आणि तेथे ते जसेच्या तसे राहू द्यावेत. क्वचित ‘रिक्वेस्ट’पूर्वी ‘वुई’ही असेल आणि ‘अवर’ही असेल, जसे ‘वुई रिपीट अवर रिक्वेस्ट फॉर’. तेथे शब्दाच्या अगदी लगत पूर्वी काय आहे ते पाहावे.